‘उरलेलं आयुष्य १५.७ वर्षं’ : ट्रान्सफॉर्मरच्या एका रिपोर्टचं वाचन

(उमरोळी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक सकाळी उमरोळी स्टेशनवरून बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत जाणारे आहेत, हे मला माहीत आहे. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कारखान्याच्या कोपऱ्यात जाळीच्या आत उभा असलेला, तेलाने भरलेला तो डबा तुम्ही रोज बघता. आज मला त्याच्याबद्दल लिहिलेल्या एका कागदाविषयी बोलायचं आहे. तो कागद म्हणजे तेलाच्या फ्युरान चाचणीचा रिपोर्ट. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आपण या रिपोर्टचं करू. त्यात काय लिहिलंय, कशाच्या आधारावर लिहिलंय आणि कुठे तो आपल्या अधिकाराबाहेर बोलतोय, हे ओळीओळीने बघू.

उदाहरण मी बनवलेलं आहे. कुणाच्या कारखान्याचं नाही, कुठल्या लॅबचं नाही. पण याच साच्याचे रिपोर्ट तुमच्या फायलींत सापडतील. ट्रान्सफॉर्मर दोन एमव्हीएचा, ३३ केव्हीवरून ४३३ व्होल्ट करणारा, बसवून बावीस वर्षं झालेला. आत तेल दोन हजार लिटर. रिपोर्टमध्ये पाच फ्युरान संयुगांचा तक्ता आहे. त्यातल्या चार ओळी जवळजवळ रिकाम्या आणि एका ओळीत आकडा : टू-फरफ्युराल, १.० पीपीएम. त्याखाली ‘कागदाचा अंदाजे डीपी : ४३१’. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत, ‘अंदाजे उरलेलं आयुष्य : १५.७ वर्षं’.

मालक हा रिपोर्ट हातात घेतात तेव्हा नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. साहजिक आहे. नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा की नाही, यंदाच्या बजेटमध्ये धरायचा की पुढच्या, हा लाखांचा प्रश्न आहे आणि ती ओळ त्याचं उत्तर देतेय असं वाटतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. या तीन आकड्यांपैकी पहिला मोजलेला आहे, दुसरा त्यावरून काढलेला आहे आणि तिसरा बहुतांशी मानलेला आहे. रिपोर्ट मात्र तिन्ही एकाच टाइपात, एकाच खात्रीने छापतो. उलट जो सगळ्यांत कच्चा, त्याच्यामागे दशांश चिन्ह लावतो.

आधी कागदाकडे येऊ, कारण सगळं त्याच्यासाठी चाललंय.

ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो. क्राफ्ट कागद, लाकडाच्या लगद्याचा. तेल खराब झालं तर गाळता येतं, बदलता येतं. बुशिंग बदलता येतं, गॅस्केट बदलता येतं. हा कागद मात्र वाइंडिंग काढून नवं गुंडाळल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे शेवटी कागदाचं आयुष्य, असं म्हणतात.

कागद सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. एका माळेत सरासरी किती मणी, त्या संख्येला डीपी म्हणतात. कारखान्यातून निघालेल्या नव्या, सुकवलेल्या कागदात साधारण हजारभर. उष्णता, ओलावा, आम्ल आणि ऑक्सिजन यांमुळे माळा तुटत जातात. सरासरी २०० मण्यांवर आली की कागद संपला असं मानण्याचा रिवाज आहे. तेव्हा तो बोटात धरून दुमडला तर बिस्किटासारखा मोडतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डीपी २०० झालेला कागद वीज अडवायचं काम अजून करत असतो. तेलात भिजलेला, जागेवर स्थिर असलेला कागद बराच काळ इन्सुलेशन म्हणून चालतो. गेलेली असते ती त्याची ताकद. बाहेर लाइनवर फांदी पडली, शॉर्ट झाला, मोठा करंट वाइंडिंगमधून धावला की वाइंडिंग हिसका खातं. तरण्या कागदाला तो हिसका सोसतो. ठिसूळ कागद तिथे फाटतो आणि मग दोन वेढे एकमेकांना भिडतात. म्हणजे म्हातारा ट्रान्सफॉर्मर ठरलेल्या तारखेला मरत नाही, तो पुढच्या धक्क्याला मरतो. तो धक्का उद्या येईल की सहा पावसाळे येणार नाही, हे तेलाला माहीत नसतं. ‘१५.७ वर्षं’ या ओळीतला पहिला घोटाळा हा. ती ओळ कागद २०० वर कधी येईल याचा हिशेब करते आणि त्याला ‘आयुष्य’ म्हणते.

आता पहिला आकडा. सेल्युलोजची माळ तुटते, ग्लुकोजचे सुटे तुकडे पुढे आणखी बदलतात आणि त्यातून फ्युरान जातीची संयुगं तयार होतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातून ती आपोआप निर्माण होत नाहीत, येतात ती कागदातून. या चाचणीचं सगळं मोल इथे आहे. डबा न उघडता, वीज बंद न करता, बाटलीभर तेलातून कागदाची खबर मिळते. लॅबमध्ये तेलातून ती वेगळी काढतात आणि एचपीएलसी नावाच्या यंत्रावर प्रत्येकाचं प्रमाण मोजतात. पाचांपैकी टू-फरफ्युराल सर्वांत जास्त आणि सर्वांत टिकाऊ, म्हणून सूत्रं त्याच्यावर उभी आहेत.

१.० पीपीएम म्हणजे किती? दोन हजार लिटर तेलाचं वजन धरू १७६० किलो. दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे सगळ्या तेलात मिळून पावणेदोन ग्रॅम. चहाच्या चमच्याचा तळ झाकेल एवढं. एवढ्याशा गोष्टीवरून आपण बावीस वर्षांचा कागद वाचतोय. वाचता येतो, यात शंका नाही. पण हे पावणेदोन ग्रॅम म्हणजे कागदाने तयार केलेलं सगळं टू-फरफ्युराल नव्हे. त्याचा बराच भाग कागदातच मुरून राहतो, तेलात उतरतो तो काही हिस्सा. हा हिस्सा तापमानावर आणि ओलाव्यावर अवलंबून असतो. ट्रान्सफॉर्मर तापला की जास्त उतरतो, थंड झाला की काही परत कागदात जातो. म्हणून मे महिन्यात दुपारी पूर्ण लोडवर काढलेलं सॅम्पल आणि दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असताना काढलेलं सॅम्पल यांची तुलना करू नये. आपण मात्र सुट्टीत वेळ मिळतो म्हणून तेव्हाच काढतो.

आता दुसरा आकडा, डीपी ४३१. हा कुठून आला? चेंडोंग नावाच्या संशोधकाने १९९१ मध्ये मांडलेल्या सूत्रातून. त्याच कामासाठी दे पाब्लो यांचंही एक सूत्र वापरात आहे. दोन्ही साधी आहेत. F म्हणजे पीपीएममध्ये टू-फरफ्युराल.

```
log10(F) = 1.51 - 0.0035 × DP
DP = 7100 / (8.88 + F)
```

F च्या जागी एक घाला. एकाचा लॉग शून्य, म्हणून पहिल्या सूत्रात १.५१ भागिले ०.००३५, उत्तर ४३१. दुसऱ्या सूत्रात ७१०० भागिले ९.८८, उत्तर ७१९. तेल एकच, बाटली एकच, मोजलेला आकडा एकच. एक सूत्र म्हणतं कागद निम्म्याहून अधिक झिजला, दुसरं म्हणतं कागद ठणठणीत आहे.

आणखी एक आकडा घालून बघा, पाच पीपीएम. पहिलं म्हणतं २३२, म्हणजे दारात उभा. दुसरं म्हणतं ५१२, म्हणजे अर्धं आयुष्य बाकी. उलट टोकाला जाऊ. तेल अगदी स्वच्छ, F शून्य. दुसरं सूत्र जवळजवळ ८०० देतं, त्याच्या वर ते जातच नाही, कारण नवा कागद ८०० च्या आसपास असतो असं ते धरून चालतं. पहिल्या सूत्राला शून्याचा लॉगच काढता येत नाही, तिथे ते गप्प बसतं.

मग यातलं खोटं कोण? कुणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या समोरच्या ट्रान्सफॉर्मरांवर, आपापल्या प्रयोगातल्या कागदावर रेषा बसवली. कागद वेगळा, कागद आणि तेल यांचं प्रमाण वेगळं, ओलावा वेगळा, की रेषा वेगळी येते. चूक होते ती रिपोर्टमध्ये. रिपोर्ट ‘अंदाजे डीपी ४३१’ लिहितो आणि कुठल्या सूत्राने काढला ते लिहीत नाही. तुमच्या लॅबला पहिला प्रश्न हाच विचारा. दोन वर्षांनी लॅब बदललीत आणि नव्या लॅबचं सूत्र वेगळं निघालं, तर तुमचा कागद कागदोपत्री एकतर एकाएकी तरुण होईल किंवा एकाएकी म्हातारा.

तिसऱ्या आकड्याकडे येऊ. डीपीवरून वर्षं काढायला एक प्रचलित सूत्र आहे. सरलेलं आयुष्य बरोबर २०.५ गुणिले ११०० भागिले डीपी या संख्येचा नैसर्गिक लॉग.

```
t = 20.5 × ln(1100 / DP)
```

डीपी २०० घातला की ३४.९ वर्षं येतात, ते पूर्ण आयुष्य. डीपी ४३१ घातला की १९.२ येतात. वजाबाकी केली की १५.७. आला आपला ठळक आकडा. आता दे पाब्लोचा ७१९ घाला. सरलेलं आयुष्य ८.७, उरलेलं २६.२. त्याच बाटलीतून साडेदहा वर्षांचा फरक पडला.

पण मला याहून मोठी अडचण वाटते ती ही, की या सूत्रात तापमान कुठेच नाही. कागद किती वेगाने झिजतो हे सर्वांत जास्त ठरवतं ते तापमान. या विद्येतला जुना नियम आहे : वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागेचं तापमान सहा अंशांनी वाढलं की झीज दुप्पट, सहा अंशांनी घटलं की निम्मी. साध्या क्राफ्ट कागदासाठी ९८ अंशांना झिजेचा वेग एक धरतात. मग आपल्या १५.७ वर्षांचं बघा. रात्रपाळी बंद झाली, लोड कमी झाला, गरम जागा सहा अंशांनी थंड झाली, तर तीच झीज व्हायला ३१ वर्षं लागतील. उलट नवीन रिॲक्टर बसवला, चिलर वाढवला, पंखे बंद पडले आणि जागा सहा अंशांनी तापली, तर आठ वर्षांत काम आटोपेल. म्हणजे एका दशांशाच्या खात्रीने छापलेला आकडा खरं तर ८ ते ३१ असा पसरलेला आहे, आणि तो कुठे बसेल हे तेलापेक्षा तुमचं लोड रजिस्टर चांगलं सांगेल.

आपल्या पट्ट्यात यात ओलावा मिसळा. समुद्र जवळ आहे, हवा दमट. ब्रीदरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी होऊन पंधरा दिवस झाले तरी कुणी बघत नाही. कागदातला ओलावा दुप्पट झाला की झीजही साधारण दुप्पट होते. सूत्रात ओलावाही नाही.

वर्षांचा हिशेब कसा माणसाने ठरवलेला असतो याचं एक उदाहरण देतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरविषयक नियमांत उपकेंद्राचं उपयुक्त आयुष्य २५ वर्षं धरलेलं आहे. तो पैशांच्या हिशेबाचा आकडा आहे आणि त्या कामाला तो योग्य आहे. त्या २५ वर्षांचा कागदातल्या माळेशी काही संबंध नाही. कमी लोडवरचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कितीतरी पुढे चालू शकतो आणि भट्टीच्या लोडवरचा त्याच्या आधी जाऊ शकतो. आपले मालक मात्र हे दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहितात.

इथवर मी सूत्रांवर टीका केली. आता ज्या गोष्टीने प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त फसगत होते, तिच्याकडे येतो. ती म्हणजे तेलावर झालेली प्रक्रिया.

आपलाच ट्रान्सफॉर्मर घ्या. समजा दोन वर्षांनी टू-फरफ्युराल १.२ पीपीएम झालं. चेंडोंगने डीपी ४०९. तेलाची आम्लताही वाढलेली, म्हणून रीक्लेमेशन करायचं ठरलं. गाडी आली, तेल फुलर्स अर्थमधून, म्हणजे त्या शोषक मातीतून, फिरवलं. तेल पिवळं धमक झालं. आठवड्याने सॅम्पल गेलं. टू-फरफ्युराल ०.०८ पीपीएम. रिपोर्ट आला : डीपी ७४५, शेरा ‘इन्सुलेशन उत्तम’.

आठ दिवसांत कागद ४०९ वरून ७४५ वर गेला. तुटलेल्या माळा परत जुळल्या. असं जगात कुठे होत नाही. झालं एवढंच की तेलातल्या दोन ग्रॅम टू-फरफ्युरालपैकी जवळजवळ सगळं मातीने पिऊन घेतलं. कागद होता तसाच आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही की तेल धुतलंय, कारण सॅम्पलच्या लेबलवर तसा रकानाच नव्हता. त्याने सूत्रात आकडा घातला आणि प्रामाणिकपणे उत्तर छापलं.

पुढे काय होतं तेही बघा. कागदात मुरलेलं टू-फरफ्युराल हळूहळू पुन्हा तेलात उतरतं. सहा महिन्यांनी समजा ०.२५ आलं, म्हणजे सूत्राने ६०३. आता ज्याच्याकडे फक्त शेवटचे दोन रिपोर्ट आहेत, तो घाबरतो : सहा महिन्यांत तिप्पट! डीपी १४२ ने घसरला! हेही खोटं. यातली बरीच वाढ नव्या झिजेची नसून जुनाच माल तेलात परत येतोय. म्हणजे आधी खोटा धीर आणि नंतर खोटी भीती, दोन्ही एकाच कारणाने.

हे ओळखायचं कसं? सोपं आहे. फ्युरानचा आकडा उतरलेला दिसला की कागदाबद्दल काहीही म्हणण्याआधी तेलाचं काय केलं ते शोधा. झीज उलटी फिरत नाही, त्यामुळे मोठ्या उताराला तेल बदलणं, रीक्लेमेशन, शोषक फिल्टर किंवा सॅम्पलचं वेगळं तापमान, असं काहीतरी कारण असतं. आम्लतेचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवा. फ्युरान आणि आम्लता दोन्ही एकदम खाली आली असतील तर तेल धुतलेलं आहे. नुसतं उष्णता आणि व्हॅक्यूमचं फिल्टरेशन असेल तर पाणी आणि वायू जातात, फ्युरानला तेवढा धक्का लागत नाही. आपल्याकडे मात्र दोन्हीला ‘फिल्टर केलं’ असंच म्हणतात, म्हणून रजिस्टरमध्ये माती वापरली की नाही ते स्पष्ट लिहा.

एक मर्यादा राहिली, ती सांगून मग काय करायचं त्याकडे वळतो. तेल सगळ्या कागदातून येणाऱ्या फ्युरानची सरासरी दाखवतं. पण कागद सगळीकडे सारखा झिजत नाही. वाइंडिंगचा वरचा भाग गरम, खालचा थंड. एका ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळा कागद थोडाथोडा झिजून १.० पीपीएम होऊ शकतो. दुसऱ्यात वरच्या चार वेढ्यांचा कागद जळत आला आहे आणि बाकीचा कोरा आहे, तरी तोच १.० पीपीएम येऊ शकतो. ट्रान्सफॉर्मर मरतो तो त्या चार वेढ्यांत. सरासरीला ते दिसत नाही. म्हणून फ्युरान एकटं वाचू नये. विरघळलेल्या वायूंच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड काय करताहेत ते शेजारी बघावं. मोनॉक्साइड डायऑक्साइडच्या मानाने झपाट्याने वाढत असेल आणि फ्युरानही चढत असेल, तर कुठेतरी कागद चांगलाच तापतोय असा संशय घ्यायला जागा आहे.

तर मग ही चाचणी टाकाऊ आहे का? अजिबात नाही. मी ती करा असंच सांगतो. तिच्याकडून वर्षं मागू नका, दिशा मागा. एकाच ट्रान्सफॉर्मरचे, एकाच लॅबचे, साधारण एकाच तापमानाला काढलेले, तेल न धुता घेतलेले चार-पाच वर्षांचे आकडे ओळीने लावले तर ते खरं बोलतात. ०.१ पीपीएमच्या खाली वर्षानुवर्षं स्थिर असेल आणि तेल जुनंच असेल, तर झोप घ्या. एकाच्या आसपास आला तर लक्ष वाढवा, वर्षाचं सॅम्पल सहा महिन्यांवर आणा. वर्षात दुप्पट झाला तर आकडा लहान असला तरी कारण शोधा : पंखे, लोड, ब्रीदर, बंद पडलेला रेडिएटरचा व्हॉल्व्ह. आणि काही पीपीएमवर गेला, तर पुढच्या शटडाउनची वाट बघत योजना करा.

त्यासाठी सॅम्पलच्या बाटलीबरोबर एक चिठ्ठी जाऊ द्या. सॅम्पल काढताना तेलाचं तापमान किती, लोड किती, तेलाला शेवटचं काय केलं आणि कधी, बनवणाऱ्याने कागद साधा वापरला की उष्णतेसाठी सुधारलेला. चार ओळी. सॅम्पल व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी वाहू द्या, बाटली गडद काचेची आणि कोरडी घ्या, उन्हात ठेवू नका. आणि तेल धुणार असाल तर आदल्या दिवशी एक सॅम्पल नक्की काढा. ते शेवटचं खरं पान असतं, नंतर वही कोरी होते. धुतल्यानंतर तेल आणि कागद यांचा समतोल यायला काही महिने द्या, तिथून नवी रेषा सुरू करा आणि जुन्या रेषेचा शेवटचा आकडा तिच्या डोक्यावर लिहून ठेवा.

शेवटची सूचना, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या सूत्रांमधलं कुठलं आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मरना लागू पडतं, हे ठरवायला प्रत्यक्ष कागद हवा. कागदाचा डीपी थेट मोजता येतो. तो विशिष्ट द्रावणात विरघळवून त्याचा चिकटपणा मोजतात, आयईसी ६०४५० मध्ये ती पद्धत दिली आहे. चालू ट्रान्सफॉर्मरमधून कागद काढता येत नाही. पण एमआयडीसीतून जळालेले, बदललेले ट्रान्सफॉर्मर भंगारात जातातच. तांबं वजन करून जातं आणि कागद जाळून टाकतात. त्याआधी वाइंडिंगच्या वरून, मधून आणि खालून हातभर कागद काढा, तीन पिशव्यांत घाला, शेवटच्या तेलाच्या रिपोर्टसह लॅबला पाठवा. बंगळूरची सीपीआरआय आहे, बडोद्याची एर्डा आहे, अशा संस्था ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनचं काम करतात. असे दहा-पंधरा ट्रान्सफॉर्मर जमले तर आपल्या हवेतला, आपल्या लोडवरचा कागद कुठल्या सूत्राच्या जवळ जातो हे आपल्याला दिसेल. तोवर कुणाचंही सूत्र आपल्यासाठी उसनं आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, मग रीक्लेमेशन करूच नये का? आकडा बिघडतो म्हणून?

अहो, आकड्यासाठी ट्रान्सफॉर्मर नाही, ट्रान्सफॉर्मरसाठी आकडा आहे. आम्ल आणि ओलावा कागदाला खातात. ते काढलेत तर पुढची झीज मंदावते, आणि हे लवकर केलं तर जास्त फायदा. डीपी खूप खाली गेल्यावर तेल धुऊन कागद सुधारत नाही. करा, पण आधी सॅम्पल, नंतर नोंद.

प्रश्न : आमच्याकडे एका ट्रान्सफॉर्मरचं फ्युरान कायम शून्य येतं. अठरा वर्षं झाली. तेल बदललेलं नाही.

दोन शक्यता आधी तपासा. लोड खूप कमी असेल तर खरोखर झीज कमी असेल, चांगलीच गोष्ट आहे. दुसरी, कागद उष्णतेसाठी सुधारलेला असेल. त्यात नायट्रोजनयुक्त रसायन असतं आणि तो झिजताना टू-फरफ्युराल फार कमी देतो. अशा ट्रान्सफॉर्मरला साध्या कागदाचं सूत्र लावलं तर तो कायम तरुणच दिसणार. बनवणाऱ्याकडून कागदाची जात लिहून घ्या. अशा कागदासाठी तेलातल्या मिथेनॉलवरून अंदाज घेण्याचं काम कॅनडात हायड्रो-क्यूबेकच्या संशोधकांनी २००७ पासून मांडलेलं आहे. आणि कुठे शोषक फिल्टर जोडलेला आहे का, तेही बघा. जुन्या काही ट्रान्सफॉर्मरना थर्मोसायफन फिल्टर असतो, तोही गुपचूप फ्युरान खात असतो.

प्रश्न : तुमचं सगळं पटलं. पण मालक विचारतात, ‘किती वर्षं चालेल, एक आकडा सांग.’ तेव्हा काय सांगायचं?

आकडा मागण्यात त्यांची चूक नाही, पैसे त्यांना काढायचे आहेत. त्यांना असं सांगा : ‘साहेब, गेल्या चार वर्षांत आकडा ०.६ वरून १.० वर आलाय, तेल धुतलेलं नाही, वायू शांत आहेत. आजच्या लोडवर घाई नाही. नवीन मशीन याच ट्रान्सफॉर्मरवर टाकणार असाल तर हिशेब बदलेल. आणि हा कागद तरुण नाही, म्हणून बाहेरचा शॉर्ट लवकर तोडणारी रिले आणि ब्रेकर आधी तपासून घेऊ.’ यात एकही वर्ष सांगितलेलं नाही, पण काय करायचं आणि कशावर खर्च करायचा हे त्यांना कळतं. रिले तपासायला नव्या ट्रान्सफॉर्मरच्या किमतीचा अगदी छोटा हिस्सा लागतो. आणि म्हाताऱ्या कागदाला खरा धोका त्या हिसक्याचाच आहे, हे आपण मघाशी बघितलं.